जाहिरातीचे शेवटचे वाक्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हिंगोली येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत लहानमोठा धंदा आहे, आणि जाहिरातीवर थोडाफार पैसा आता प्रत्येक घर खर्च करते. हा पैसा कोठे वाया जातो आणि कसा सार्थकी लागतो, यावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची सूचना आहे. लहान व्यापाऱ्यांच्या जाहिराती लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने मी ती आनंदाने मान्य केली. विषय मोठा आहे. म्हणून त्यातील एकच अंग मी निवडले आहे. जाहिरातीच्या शेवटी वाचकाला आपण जे काही करावयास सांगतो, ते वाक्य. त्याला आपण आवाहनवाक्य म्हणू.

आरंभ आपल्या स्मरणिकेपासूनच करू. स्मरणिकेची मागील पाने उघडून पाहावीत. पानोपान जाहिराती आहेत. वर "हार्दिक शुभेच्छा", मध्ये दुकानाचे नाव, खाली प्रोप्रायटरचे नाव आणि ओळीने तीन फोन नंबर. स्मरणिकेचा छपाईखर्च या पानांवर निघतो, आणि देणारा ते पैसे मंडळाला साहाय्य म्हणूनच देतो, हे मला ठाऊक आहे. तथापि साहाय्य झाले म्हणून ते पान मुके का असावे? वाचक ते पान पाहतो, शुभेच्छा घेतो आणि पान उलटतो. त्याने काय करावे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ज्यांनी सांगितलेले असते, ते बहुधा सांगतात, "एकवार अवश्य भेट द्या." औषधाचे दुकान, वकिलाचे कार्यालय, बियाण्याची एजन्सी, मंगल कार्यालय, सर्वांचे वाक्य तेच. आता ज्याला पोत्यांनी माल विकावयाचा आहे त्याला वाचकाच्या भेटीचा काय उपयोग? आणि मुंबईस राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबंधूने हिंगोलीच्या दुकानाला भेट द्यावी तरी कशी?

आवाहनवाक्य चांगले की वाईट हे त्याच्या भाषेच्या लालित्यावर ठरत नाही. ते तीन कसोट्यांवर ठरते. ज्या कृतीने आपले काम पुढे सरकणार आहे, तीच कृती त्यात मागितलेली असावी, आणि एकच असावी. ती कृती वाचकाला जेथे तो आहे तेथून, त्याच्या हाती जे साधन आहे त्याने करता यावी. आणि ती घडली किंवा नाही, हे आपल्याला मोजता यावे. या तीन कसोट्या मनाशी ठेवून आता एक उदाहरण पाहू.

हिंगोलीत बोलत असल्यामुळे उदाहरण हळदीचेच घेतो. आपल्या गावचे संत नामदेव मार्केट यार्ड हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, आपल्यातील एका कुटुंबाचा हळदीचा व्यवहार आहे. ते यार्डातून माल घेऊन पॉलिश केलेली हळकुंडे परगावच्या व्यापाऱ्यांना पोत्यांनी विकते. गावात त्यांचे दुकान व मागे गिरणी आहे. घरातील सूनबाईंनी हळदपुडीची पाकिटे करून पुण्यामुंबईला पाठविण्याचा उद्योग आरंभला आहे. आणि धाकटे चिरंजीव म्हणतात की आपले स्वतःचे ॲप असावे. एकाच घरात चार उद्दिष्टे आहेत: फोन यावा, माणूस दुकानात यावा, घरबसल्या खरेदी व्हावी आणि ॲप उतरवून घेतले जावे. सर्वांसाठी मिळून त्यांनी एकच जाहिरात केली आहे. तिच्या शेवटी "फोन करा, भेट द्या, ऑनलाइन मागवा, ॲप डाउनलोड करा" अशी चारही वाक्ये आहेत. चौघांना एकदम हाक मारली की कोणीच ओ देत नाही, तसे या जाहिरातीचे होते. म्हणून आपण हे चार ग्राहक वेगळे करू.

पहिला ग्राहक पोत्यांनी माल घेणारा व्यापारी, समजा सांगलीचा. त्याला काय हवे असते? आजचा भाव, मालाची प्रत, किती पोती तयार आहेत आणि वाहतूक कोणाकडे. हळदीचा भाव हलता असतो. तो छापून ठेवला तर दुसऱ्या दिवशी एक तर आपण तोट्यात जाऊ किंवा खोटे ठरू. शिवाय हा सौदा मोठ्या रकमेचा असतो, आणि अनोळखी माणसाशी मोठा सौदा करण्यापूर्वी व्यापारी त्याचा आवाज ऐकतो. म्हणून येथे फोनच योग्य. परंतु "संपर्क साधा" हे वाक्य योग्य नाही. कारण संपर्क म्हणजे पत्र, फोन की भेट, हे वाचकाने ठरवावे असे त्यात गृहीत आहे. लिहावे असे: "आजचा भाव व तयार पोती विचारण्यासाठी सकाळी ९ ते ११ या वेळेत फोन करा." फोन केल्यावर काय मिळेल आणि तो कधी उचलला जाईल, या दोन गोष्टी त्यात आल्या.

वेळ लिहिण्याचे कारण साधे आहे. लिलावाच्या वेळी मालक यार्डातील गलबल्यात असतो आणि फोन खिशात वाजत राहतो. न उचललेला फोन न आलेल्या फोनापेक्षा वाईट. कारण त्या माणसाची आपल्याकडे वळलेली इच्छा आपणच परत पाठविलेली असते, आणि तो लगेच यादीतील दुसऱ्या अडत्याला फोन लावतो. गूगलवरील जाहिरातीत फोन नंबर ठरावीक तासांतच दिसावा अशी सोय आहे. ती अवश्य वापरावी. तीन नंबर देऊ नयेत. एकच द्यावा, आणि तो उचलणाऱ्याला भाव ठाऊक असावा. आणखी एक बारीक पण नेहमी घडणारी चूक सांगतो. व्हॉट्सॲपवर आपण जाहिरातीचे चित्र पाठवितो आणि नंबर त्या चित्रातच छापलेला असतो. चित्रातला नंबर बहुतेकांना बोटाने दाबून लावता येत नाही; तो कागदावर उतरून मग टिपावा लागतो, आणि एवढे कष्ट फारच थोडे लोक घेतात. चित्राखाली संदेशात तोच नंबर अक्षरांनी लिहावा, म्हणजे दाबताच फोन लागतो.

माणसाच्या कुवतीएवढेच मागणे किती फलदायी ठरते याचे एक नामांकित उदाहरण आहे. हिंदुस्तान युनिलिव्हर या कंपनीने २०१३ साली बिहार व झारखंड या भागांसाठी "कान खजूरा टेसन" नावाची योजना काढली. जेथे वीज व दूरचित्रवाणी नियमाने पोचत नव्हती, तेथील लोकांना तिने एवढेच सांगितले की या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या. फोन करणाऱ्याला एक पैसाही पडत नसे. कंपनीकडून उलट फोन येई आणि त्यावर गाणी, विनोद व मधूनमधून कंपनीच्या मालाची जाहिरात ऐकावयास मिळे. "आमचा साबण घ्या" असे पहिल्या वाक्यात म्हटले असते तर कोणी हललेही नसते. मिस्ड कॉल देणे मात्र हाती साधा फोन असलेल्या प्रत्येकाला साधणारे होते.

दुसरा ग्राहक आपल्या गावातील व पंचक्रोशीतील गृहिणी. हिला दुकानात आणावयाचे आहे. येथे "भेट द्या" हे जुने वाक्य योग्य जागी आले खरे, पण ते अपुरे आहे. घरातून निघून, ऑटो करून, उन्हातून यावयाचे तर त्याला कारण हवे. आणि ते कारण असे हवे की जे घरी बसून मिळत नाही. आपल्या या दुकानापाशी ते आहे. मागे गिरणी आहे. हळकुंडे निवडून घ्यावीत आणि डोळ्यांदेखत दळून न्यावीत. पुडीत भेसळ असेल ही गृहिणीच्या मनातील जुनी शंका, आणि तिचे उत्तर दुकानातच मिळू शकते. तेव्हा वाक्य असे व्हावे: "हळकुंडे स्वतः निवडा, समोर दळून घ्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज सकाळी १० ते संध्याकाळी ६. रविवारी गिरणी बंद." आणि खाली पत्ता. पत्त्यात सर्व्हे नंबर नको. रिक्षावाल्याला सांगता येईल अशी खूण हवी.

अक्षय्य तृतीयेचे नाव मी सहज घेतले नाही. नवी हळद बाजारात येते ती उन्हाळ्याच्या तोंडी, आणि घरोघरी वर्षाचे तिखट-मसाले करावयाचे दिवसही तेच. ज्या काळात ती गृहिणी हे काम करणारच आहे त्या काळाशी आवाहन जोडले, तर मुदत खरी ठरते. याउलट "फक्त आजच", "शेवटचे दोन दिवस" असे बारा महिने लिहिणारे दुकान आपण सर्वांनी पाहिले आहे. ते आता केवळ हास्यास्पद राहिलेले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या क्लृप्त्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खोटी घाई निर्माण करणे ही एक क्लृप्ती म्हणून नोंदलेली आहे. मुदत असेल तर ती पाळावी. नसेल तर लिहू नये.

दुकानात येणाऱ्यासाठी जाहिरातीइतकेच महत्त्व गूगलच्या नकाशावरील आपल्या नोंदीला आहे. जाहिरात वाचून माणूस रस्ता शोधतो तो तेथेच. त्या नोंदीत दुकान "बंद" दिसत असेल, किंवा खूण मागच्या गल्लीत लागलेली असेल, तर उत्तम वाक्यही फुकट. सणाच्या दिवसांचे तास तेथे वेगळे भरता येतात, ते भरावेत. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. किती जणांनी रस्ता विचारला हा आकडा तेथे दिसतो. परंतु रस्ता विचारणे म्हणजे येऊन पोचणे नव्हे. आलेल्यांची मोजणी गल्ल्यावरच करावी लागते. ती कशी, ते पुढे सांगतो.

तिसरा ग्राहक पुण्यामुंबईचा. तो येथे येणार नाही, आणि अर्ध्या किलोसाठी फोनवर बोलत बसणार नाही. त्याने तेथल्या तेथे खरेदी करावी हे आपले उद्दिष्ट. हे आपल्या आजोबांच्या काळीही होतेच. व्ही.पी.ची पद्धत हिंदुस्थानात १८७७ साली सुरू झाली आणि तिने "आजच पत्र टाका, माल व्ही.पी.ने पाठवू" हे वाक्य शक्य केले. पैसे माल हाती आल्यावर पोस्टमनजवळ द्यावयाचे, या एका सोयीने अनोळखी विक्रेत्याची भीती निम्मी झाली. आजची "माल मिळाल्यावर पैसे" ही पद्धत तिचीच नात होय. धडा असा की खरेदीचे आवाहन शब्दांवर उभे राहत नाही. त्यामागच्या व्यवस्थेवर उभे राहते.

आता सूनबाईंच्या पाकिटाकडे पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतो. अर्ध्या किलोची किंमत १६० रुपये लिहिली आहे, आणि बटण आहे "आत्ता खरेदी करा". ग्राहक बटण दाबतो, नाव-पत्ता भरतो, आणि शेवटच्या पायरीवर त्याला कळते की कुरिअरचे ७० रुपये वेगळे आहेत. १६० च्या वस्तूला २३० पडतात. तो तेथूनच परततो, आणि आपण लबाडी केली असे समजून परततो. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हीसुद्धा वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांतच मोडते. येथे वाक्य बदलून भागणार नाही. मागणीच बदलावयास हवी. एका कुटुंबाला वर्षाला दोन किलो हळद लागते असे धरू. दोन किलोचे ६४० आणि एकत्र पाठविण्याचे ११०, मिळून ७५०. तर लिहावे: "वर्षाची हळद, २ किलो, घरपोच एकूण ७५० रुपये. मागणी नोंदवा." आता अर्धा किलो २३० ऐवजी साधारण १८८ रुपयांना पडला, ग्राहकाला पहिल्या वाक्यातच शेवटचा आकडा कळला, आणि आपलाही पाठविण्याचा त्रास चार वेळांऐवजी एकदाच झाला.

खरेदीच्या आवाहनात आणखी एक पथ्य आहे. बटणावर जे लिहिले असेल, तेच पुढच्या पानावर घडले पाहिजे. "खरेदी करा" म्हणून दाबले आणि पुढे दुकानाच्या संस्थापकांचा फोटो व इतिहास उघडला, तर ग्राहक गोंधळतो. संस्थापकांचा आदर योग्य जागी करावा. येथे पाकिटाचा फोटो, वजन, अन्न परवान्याचा क्रमांक, पोचण्यास लागणारे दिवस आणि पैसे देण्याची रीत, एवढेच असावे.

मात्र प्रत्येक नव्या ग्राहकाला प्रथमच "विकत घ्या" म्हणणे शहाणपणाचे असतेच असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत आपल्याला ठाऊक असेल. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. ज्याच्या मनात शंका आहे त्याच्यापुढे किंमत ठेवून उपयोग नसतो. त्याची शंका फिटेल अशी लहान कृती प्रथम मागावी लागते. नांगराच्या बाबतीत ती कृती म्हणजे "चालताना पाहा". हळदीच्या बाबतीत ती म्हणजे "१०० ग्रॅमचे नमुना पाकीट मागवा". शंका जितकी मोठी, तितकी पहिली मागणी लहान.

चौथा ग्राहक ॲपचा. येथे मला धाकट्या चिरंजीवांशी थोडे कडक बोलावे लागेल. ॲप उतरवून घेणे म्हणजे आपल्या फोनात दुसऱ्याला कायमची जागा देणे होय. माणूस ती जागा त्यालाच देतो ज्याच्याशी त्याचा व्यवहार दररोज किंवा दर आठवड्याला आहे. वर्षातून एकदा हळद घेणाऱ्याला ॲप उतरवावयास सांगणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला घराची किल्ली करून घ्या म्हणण्यासारखे आहे. आग्रहाखातर तो उतरवील आणि फोनची जागा भरली की प्रथम तेच काढून टाकील. या कुटुंबाला ॲपची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी किमतीसह लावून ठेवली तरी त्यांचे काम भागते.

ॲपचे आवाहन कोठे शोभते? समजा एखादी पतसंस्था आहे. तिचे सभासद रोज पिग्मी भरतात, आणि शिल्लक किती झाली हे विचारावयास खिडकीशी उभे राहतात. या सभासदाला ॲपचे प्रयोजन आहे. तेथेही "आमचे ॲप डाउनलोड करा" म्हणू नये, कारण त्यात लाभ संस्थेचा दिसतो. "आज भरलेली पिग्मी आजच फोनवर पाहा" म्हणावे, आणि बटण इन्स्टॉलचे द्यावे. मोजणी मात्र किती जणांनी उतरवले याची करू नये. महिन्यानंतर किती जण उघडून पाहतात याची करावी. उतरवलेले व न उघडलेले ॲप म्हणजे न वाचलेले पत्र.

या चौथ्या प्रकारात एक धोका आहे, आणि तो घरातील वडीलधाऱ्यांनी नीट ऐकावा. आवाहनवाक्य लिहिण्याची कला चोरांनाही अवगत आहे. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, शेतकऱ्यांची योजना यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नावाच्या शेवटी `.apk` अशी अक्षरे असतात, आणि "पाहण्यासाठी येथे दाबा" असे वाक्य असते. ती दाबून बसवली की फोनातील संदेश चोराला वाचता येतात आणि बँकेतील रक्कम जाते. अशा फसवणुकी महाराष्ट्रातही घडल्या आहेत. म्हणून आपल्यापैकी कोणाचे खरोखर ॲप असेल, त्याने ते केवळ प्ले स्टोअरच्या दुव्याने द्यावे. फाइल म्हणून कधीही पाठवू नये. आपण जर आपल्या सभासदांना फाइल दाबण्याची सवय लावली, तर उद्या चोराची फाइलही ते आपलीच समजून दाबतील. प्रामाणिक माणसाचे आवाहन चोराच्या आवाहनासारखे दिसता कामा नये.

आता ज्यांना फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करावयाची असते, त्यांच्यासाठी एक मर्माची गोष्ट. तेथे जाहिरात भरताना पहिलाच प्रश्न उद्दिष्टाचा असतो. पुष्कळ लोक तो घाईने ओलांडतात, आणि सगळे लक्ष चित्राकडे व बटणाकडे देतात. परंतु यंत्र ती जाहिरात कोणाला दाखवावयाची हे त्या उत्तरावरून ठरवते. उद्दिष्ट "लोकांनी दुव्यावर यावे" असे निवडले, तर ज्यांना दुवे दाबण्याची सवय आहे असे लोक यंत्र शोधून आणते. त्यांतील फार थोडे खरेदी करणारे असतात. बटणावर `Shop Now` लिहिले म्हणून ते खरेदीदार होत नाहीत. खरेदी हवी असेल तर उद्दिष्टही विक्रीचे निवडावे, आणि खरेदी झाली ही वार्ता यंत्राला परत कळेल अशी सोय आपल्या संकेतस्थळावर करून घ्यावी. ती सोय नसेल, तर यंत्र आंधळेपणाने लोक गोळा करते. दुकानात आणावयाचे असेल तर `Get Directions` आणि फोन हवा असेल तर `Call Now` हे बटण, व जाहिरात आपल्या गावाभोवतीच्या ठरावीक अंतरापुरती. उद्दिष्ट, वाक्य, बटण आणि पुढचे पान, ही चार एका दावणीला बांधलेली असावीत.

शेवटी मोजणी. अमेरिकन जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली आपल्या पुस्तकात ही विद्या मांडली. तो वर्तमानपत्रातील जाहिरातीत कापून पाठवावयाचे कूपन देई, आणि प्रत्येक पत्राच्या कूपनावर वेगळी खूण असे. कूपने परत आली की कोणत्या जाहिरातीने किती ग्राहक आणले हे पैनपै कळे. हीच युक्ती आपल्याला फुकट करता येते. स्मरणिकेतील जाहिरातीत लिहावे, "हे पान दाखवा, किंवा 'स्मरणिका' असे सांगा." भिंतीवरील फलकावर दुसरा शब्द, व्हॉट्सॲपवर तिसरा. गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी आणि शब्द ऐकला की रेघ ओढावी. सांगणाऱ्याला पाव किलो हळकुंडामागे दोन-चार रुपयांची सूट ठेवली तर तो आठवणीने सांगतो. व्हॉट्सॲपसाठी असा दुवा करता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Smaranika
```

त्यातील फुल्यांच्या जागी आपला दहा आकडी नंबर घालावा. अधिक चिन्ह किंवा शून्य घालू नये. हा दुवा दाबणाऱ्याच्या संदेशात शेवटचा शब्द आपोआप लिहिला जातो. तो पाठवितो तेव्हा तो कोठून आला हे आपल्याला कळते. छापील पानासाठी याच दुव्याचा क्यूआर कोड करून घ्यावा. फोनाच्या बाबतीत नुसती संख्या मोजू नये. गूगलच्या जाहिरातीत ठरावीक वेळेपेक्षा जास्त चाललेलाच फोन कामाचा धरावा असे ठरविता येते, आणि ती वेळ आरंभी ६० सेकंदांची असते. चुकून लागलेला फोन व सौद्याचा फोन यांत तेवढा फरक पडतोच.

मोजणीचा खरा उपयोग दोष कोठे आहे हे कळण्यात आहे. पुन्हा सूनबाईंचे उदाहरण घेऊ. समजा त्यांनी ३,००० रुपये खर्चले. जाहिरातीवरून २०० जण पानावर आले, ६० जणांनी "मागणी नोंदवा" दाबले, आणि १२ जणांनी पैसे भरले. एका मागणीमागे २५० रुपये पडले. ७५० रुपयांच्या मागणीत त्यांना १५० रुपये सुटत असतील, तर प्रत्येक मागणीत १०० रुपये घरातून गेले. अशा वेळी बहुतेक लोक म्हणतात, जाहिरात वाईट, चित्र बदला. पण आकडे तसे सांगत नाहीत. दोनशेंत साठांनी बटण दाबले, म्हणजे वाक्य आपले काम करते आहे. साठांतले अठ्ठेचाळीस बटणानंतर परतले. दोष तेथे आहे. लांबलचक अर्ज, अनपेक्षित खर्च, किंवा पैसे देण्याची एकच अपरिचित रीत, यांपैकी काही तरी असणार. ते दुरुस्त करून साठांतले तीस जरी टिकले, तर त्याच ३,००० रुपयांत प्रत्येक मागणी १०० रुपयांना पडते आणि ५० रुपये सुटतात. याउलट हजारोंनी जाहिरात पाहिली आणि दहांनीच बटण दाबले असते, तर वाक्य चुकले किंवा माणसे चुकली असा अर्थ. आणि एवढ्या लहान आकड्यांवरून अखेरचा निर्णय करू नये. एका आठवड्याच्या दहा-बारा मागण्या योगायोगानेही कमीअधिक होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान काही आठवडे पाहावे.

तेव्हा, बंधुभगिनींनो, पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी माझी कार्यकारी मंडळाला एक नम्र सूचना आहे. जाहिरात स्वीकारण्याच्या छापील अर्जात एक ओळ वाढवावी: "हे पान वाचून वाचकाने काय करावे?" आणि तिच्यापुढे जागा एकाच वाक्याची ठेवावी. शुभेच्छा वर राहू द्याव्यात. त्या आपुलकीच्या आहेत. खाली ते एक वाक्य, एक नंबर किंवा एक पत्ता, आणि ओळखीचा एक शब्द छापावा. वर्षअखेर प्रत्येक जाहिरातदाराने आपल्या वहीतील रेघा मोजून चिटणीसांना आकडा कळवावा. काही आकडे शून्य येतील. तेही उपयोगाचेच, कारण मग ते वाक्य पुढच्या वर्षी बदलता येईल. मंडळाला साहाय्य पूर्वीप्रमाणेच मिळेल, आणि देणाऱ्या घरालाही त्या पानातून काय आले याचा हिशेब प्रथमच हाती येईल.